जास्तीच्या २६० किलोंचं बिल

सळईच्या बिलात ५,२४० किलो लावले होते, आमच्या गेटवरच्या काट्यावर माल भरला ४,९८० किलो. फोनवर "बघतो साहेब" यापलीकडे काही हलेना, म्हणून पत्रच लिहिलं:

"आपल्याच चलनावर ४,९८० किलो नोंद असून त्यावर आपल्या ड्रायव्हरची सही आहे. बिलात ऑर्डरचं वजन धरलेलं दिसतं. फरक २६० किलो. ६२ रुपये दराने १६,१२० व १८ टक्के जीएसटी २,९०१.६०, एकूण १९,०२१.६० रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. उरलेली रक्कम ठरल्या तारखेला देत आहोत."

सोबत काटापावती आणि चलनाची प्रत जोडली. पूर्ण पेमेंट अडवलं असतं तर भांडण वजनावरून उधारीवर गेलं असतं. क्रेडिट नोट आली, तीही जीएसटीसकट.