क्लिकवरून रँकिंग शिकवताना या चुका टाळा

सर्चच्या लॉगमधले क्लिक आयते मिळतात, म्हणून मोह होतोच: क्लिक झाला तो निकाल योग्य, नाही झाला तो अयोग्य, चला, करा ट्रेनिंग. पुस्तकविक्रीच्या एका साइटसाठी आम्ही हेच केलं आणि नवं मॉडेल जुन्या रँकिंगची नक्कल निघालं. पाचव्या जागेवरच्या पुस्तकापर्यंत बहुतेकांची नजर पोचतच नव्हती, आणि न पाहिलेलं पुस्तक आम्ही नापसंत धरलं होतं. थॉर्स्टन योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नजरेचा माग घेत केलेल्या अभ्यासात गूगलच्या पहिल्या दोन निकालांची अदलाबदल करून पाहिली. तरी वर आलेल्या निकालालाच जास्त क्लिक पडले.

उपाय ठाऊक असतो: ज्या जागेवर क्लिक झाला, ती जागा पाहिली जाण्याच्या शक्यतेने त्या क्लिकला भागायचं. खरी घसरगुंडी इथून पुढे आहे. ही शक्यता बरेच जण लॉगमधल्या सरासरी क्लिक-दरावरून काढतात.

समजा, पहिल्या जागेचा क्लिक-दर ३० टक्के आणि पाचव्या जागेचा ३ टक्के आहे. म्हणजे पहिल्या जागेच्या तुलनेत पाचव्या जागेच्या क्लिकला वजन १०? मग ३ चे झाले ३०, आणि पाचवं पुस्तक सरासरीने पहिल्याइतकंच चांगलं ठरलं. दहाही जागांचं असंच होईल, कारण गणितच तसं मांडलंय! पहिल्या जागेवर क्लिक जास्त पडतात ते नजर तिथे जाते म्हणून, आणि जुनं रँकिंग अगदीच टाकाऊ नसल्याने बरी पुस्तकंही तिथेच असतात म्हणून. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात.

त्यासाठी थोड्याशा ट्रॅफिकवर नाणेफेक करून पहिला आणि पाचवा निकाल आपसात बदलायचा. समजा, पहिलं पुस्तक पाचव्या जागेवर गेल्यावर त्याचा दर ३० वरून ७.५ टक्क्यांवर आला आणि पाचवं वर आल्यावर ३ वरून १२ टक्क्यांवर गेलं. दोन्हीकडे फरक चौपट, म्हणजे वजन ४, १० नव्हे. पुस्तकांची खरी तुलना ३० विरुद्ध १२ अशी. असं सगळ्या जागांसाठी, भरपूर शोधांवर सरासरी काढून करायचं. अदलाबदलीने वापरकर्ते पळतील ही भीती असतेच. आम्ही म्हणूनच प्रमाण अगदी कमी ठेवलं.

खालच्या जागांची वजनं फुगतात, मग चुकून झालेला एखादा क्लिकही मॉडेल हलवतो. वजनाला वरची मर्यादा घाला. वरच्या जागांकडे थोडा कल परत येतो, पण डळमळ थांबते. जी पुस्तकं कधी दाखवलीच नाहीत, त्यांना मात्र कोणतंही वजन वाचवत नाही.

आणि तपासणीही त्याच कच्च्या क्लिकवर करू नका. तिथे जुनं रँकिंगच चांगलं दिसणार, कारण क्लिक त्याच्याच क्रमाने पडलेले असतात.