लेगिंग सैल का पडते आणि गुडघ्यावर चमकते का

लेगिंगमधला ताण सुती धाग्यात नसतो, त्यात मिसळलेल्या बारीक लवचिक धाग्यात असतो. तो धागा उष्णतेने आणि ब्लीचने मरतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून लेगिंग सकाळीच धुवा किंवा माठाशेजारच्या सावलीत भरून ठेवलेलं पाणी घ्या.

लेगिंग उलटी करा. अर्ध्या बादली पाण्यात एक लहान चमचा लिक्विड डिटर्जंट मिसळून त्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, तासन्‌तास नको. मग हातानेच दाबून मळ काढा. धुण्याच्या दगडावर आपटणं आणि ब्रश मारणं इथे अजिबात चालत नाही: घासून वरचे तंतू सपाट होतात आणि नेमकी तीच जागा चमकते. गरम इस्त्रीनेही तेच होतं. बोअरच्या जड पाण्यात साबण लवकर निघत नाही, तेव्हा तीनदा खंगाळा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यावर बसतो.

पिळू नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा. कमरेच्या पट्टीला चिमटे लावून लटकवलं, तर पाण्याच्या वजनाने पट्टी ओढली जाते. त्यापेक्षा दोरीवर मधोमध दुमडून सावलीत टाका.

वाळल्यावर कमरेची पट्टी ताणून सोडा. ती लगेच मूळ मापावर आली नाही, किंवा कापड ताणल्यावर तुटलेले पांढरे धागे दिसले, तर आतला लवचिक धागा गेलेला आहे. असा धागा धुण्याने परत येत नाही; पट्टीचं इलॅस्टिक मात्र शिंप्याकडून बदलून घेता येतं.