मुलाखतीची फ्रेम लावताना आधी प्रश्नकर्त्याला बसवा

डॉक्युमेंटरीच्या कामात नवी आलेली मुलं खोलीत शिरली की पहिल्यांदा ट्रायपॉड उघडतात. मी आधी बघतो ते दोन गोष्टींकडे: खिडकी कुठे आहे आणि प्रश्न विचारणारा कुठे बसू शकेल. बोलणारा माणूस बघणार प्रश्नकर्त्याकडे, म्हणून फ्रेममधली मोकळी जागा कोणत्या बाजूला सोडायची हे त्याच्या जागेवरून ठरतं. प्रकाश कुठल्या गालावर यावा आणि मागची कुठली वस्तू दिसावी, तेही मग आपोआप ठरत जातं.

येवल्यातल्या एका पैठणी विणकराच्या घरातली फ्रेम घेऊ. खोली लहान, एका भिंतीला एकच खिडकी आणि आत दोन माग. एकावर ते स्वतः विणतात, दुसरा मुलाचा. मुलगा कारखान्यात नोकरीला लागल्यापासून त्या मागावर चादर टाकलेली. आमची गोष्ट नेमकी हीच होती, की या घरात पुढे विणणार कोण. त्यामुळे पार्श्वभूमी शोधत बसावं लागलं नाही, चादर टाकलेला माग मागे दिसायलाच हवा होता. प्रश्न एवढाच, की तो डोक्याच्या कुठल्या बाजूला दिसावा.

कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की खिडकी डावीकडे येत होती. प्रश्नकर्तीला आम्ही कॅमेऱ्याच्या डावीकडे, लेन्सला जवळजवळ खांदा लावून बसवलं. काका फ्रेमच्या उजव्या तृतीयांशात बसले आणि डावीकडे बघून बोलू लागले. त्यांच्या नाकासमोर फ्रेमच्या डाव्या कडेपर्यंत जी मोकळी जागा राहिली, ती नोज रूम. चादरीचा माग मागच्या बाजूला बरोबर त्याच जागेत आला. ते बोलत असताना प्रेक्षकाची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या नजरेच्या दिशेने सरकते आणि मागावर जाऊन थांबते. तोच माग त्यांच्या पाठीकडच्या बाजूला ठेवला असता, तर दिसला असता, पण कुणी त्याची दखल घेतली नसती.

नोज रूम किती सोडायची, असं नवीन मुलं हमखास विचारतात. तृतीयांशाचा नियम सुरुवातीला ठीक आहे, पण खरा हिशेब चेहरा किती वळलाय यावर असतो. माणूस लेन्सच्या अगदी जवळ बघत असेल तर चेहरा जवळपास समोर येतो. त्याला थोडी जागा पुरते, जास्त सोडली तर कडेला ढकलल्यासारखा वाटतो. चेहरा जसजसा बाजूला वळेल तशी जागा वाढवावी लागते. कमी पडली की माणूस भिंतीशी बोलतोय असं दिसतं. कोंडी दाखवण्यासाठी काही जण मुद्दाम असं करतात. पण एका मुलाखतीत तसं केलं आणि बाकीच्यांत नाही, तर प्रेक्षकाला ती चूकच वाटते.

नजरेची दिशा तपासायला माझी एकच खूण आहे. बोलणाऱ्याचे दोन्ही डोळे पूर्ण दिसायला हवेत. पलीकडचा डोळा नाकाआड जायला लागला की प्रश्नकर्ता लेन्सपासून फार लांब बसलाय. त्याला आत सरकवा, कॅमेरा फिरवत बसू नका. दुसरी बाब उंचीची. हा खड्ड्याचा माग होता. काका पाय खड्ड्यात सोडून जमिनीच्या पातळीला बसले होते. नेहमीच्या उंचीचा ट्रायपॉड लावला असता तर कॅमेरा त्यांच्याकडे वरून बघत राहिला असता. आम्ही ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली आणि प्रश्नकर्ती सतरंजीवर बसली. ती खुर्चीवर बसली असती तर लेन्स खाली आणूनही नजर वर गेलीच असती आणि काका कुणाच्या तरी मेहेरबानीवर बोलताहेत असं दिसलं असतं.

गावातल्या घरी शूट म्हटलं की माणसं जमतात आणि जमावीतच. फक्त बोलणारा उत्तर देताना आधार शोधत त्यांच्याकडे बघतो. काका पैशांचा आकडा आला की दाराशी उभ्या असलेल्या पुतण्याकडे वळायचे, आणि दार होतं उजवीकडे. म्हणजे वाक्याच्या मधेच नजर लेन्स ओलांडून दुसऱ्या बाजूला. संपादनात हे झाकायला मागाची दृश्यं टाकावी लागतात आणि महत्त्वाच्या वाक्यावरच चेहरा हातचा जातो. पुतण्याला बाहेर जायला सांगितलं नाही. त्याला प्रश्नकर्तीच्या थेट मागे बसवलं. आता काकांनी त्याच्याकडे पाहिलं तरी दिशा तीच राहत होती. मधे चहा झाला की प्रश्नकर्ता पुन्हा त्याच बाजूला बसलाय ना, तेवढं बघा.

खिडकी प्रश्नकर्तीच्या बाजूला असल्याने उजेड काकांच्या पलीकडच्या गालावर पडत होता आणि कॅमेऱ्याकडचा गाल थोडा सावलीत राहिला. चेहऱ्याला उठाव येतो तो यानेच. सावली फार काळी वाटली तेव्हा उजवीकडे फ्रेमबाहेर पांढरी चादर धरली. ट्यूबलाइट बंद केली. ती चालू ठेवावीच लागली तर २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, म्हणजे लुकलुक पकडली जात नाही.

पार्श्वभूमी धूसर करण्याची आजकाल फार हौस आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, काका साधारण पाच फुटांवर आणि माग त्यांच्या मागे तेवढ्याच अंतरावर. एफ/१.८ वर तो माग म्हणजे नुसता पांढुरका ढग झाला. मग तो दाखवायचा कशाला? एफ/४ वर तो माग आहे हे कळत होतं आणि नजर तरी चेहऱ्यावरच राहत होती. फार कडक फोकस केला तर ताण्याच्या बारीक धाग्यांवर लाटांसारखे पट्टे येतात, तेही मॉनिटरवर झूम करून बघून घ्या. मागाचा उभा खांब काकांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. त्यांना न हलवता कॅमेराच वीतभर बाजूला घेतला. भिंतीवरचं घड्याळ विचारून उतरवलं, कारण वाक्यं मागेपुढे जोडली की काटे चुगली करतात.

घरच्यांनी कौतुकाने मागे एक भरजरी पैठणी टांगली होती. फ्रेम सुंदर दिसत होती. पण काका मजुरीवर विणतात, ती साडी व्यापाऱ्याची होती आणि ते बोलत होते मजुरी पुरत नाही म्हणून. तिच्यासमोर बसून ते बोलणं जाहिरातीसारखं दिसलं असतं. साडीचे वेगळे शॉट्स घेतले आणि ती घडी करून ठेवायला दिली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांची मुलाखत दुकानात होती. तिथे प्रश्नकर्तीला कॅमेऱ्याच्या उजवीकडे बसवलं. शेठ फ्रेमच्या डावीकडे आले, नजर उजवीकडे, आणि नाकासमोरच्या जागेत साड्यांच्या घड्यांचं कपाट. मजुरीच्या मुद्द्यावर दोघांची वाक्यं एकापुढे एक लावली की ते एकमेकांना उत्तर देताहेत असं वाटतं. दोघंही एकाच दिशेला बघत असते तर तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटलं असतं. म्हणून मुलाखती सुरू होण्याआधीच कागदावर कोण कुठे बघणार ते लिहून ठेवा. मतं विरोधी असतील त्यांना समोरासमोरच्या दिशा द्या.

मोबाइलसाठी उभा व्हिडिओ याच चित्रीकरणातून कापायचा असेल तर ४के मध्ये शूट करा, आणि चेहरा उभ्या चौकटीच्या बरोबर मधे आणण्याचा मोह टाळा. चौकट नजरेच्या बाजूला थोडी सरकवा. आमच्या उभ्या कापात अर्धाच माग उरला, तेव्हा त्या आवृत्तीच्या सुरुवातीला मागाचा एक स्वतंत्र शॉट लावला.