रेपो घटला म्हणून बँकेचे शेअर घेताय? या चुका टाळा

६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना रात्रभरासाठी पैसे उधार देते तो दर, एकदम अर्धा टक्का खाली आणून ५.५० टक्के केला. त्या दिवशी लातूरच्या आडत बाजारात एका ओळखीच्या दालमिलवाल्यांनी मला सांगितलं, "भाऊ, व्याज स्वस्त झालं, आता बँकेचे शेअर घेऊन टाका." मी घेतले. जुलैमध्ये तिमाही निकाल आले तेव्हा त्या बँकेचं व्याजाचं मार्जिन, म्हणजे कर्जांवर मिळणारं आणि ठेवींवर द्यावं लागणारं व्याज यांतला फरक, आकसलेलं होतं.

गंमत म्हणजे, कारण त्या दालमिलवाल्यांच्याच घरात होतं. समजा मिलचं सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, ५० लाखांचं, रेपोशी जोडलेलं. ऑक्टोबर २०१९ पासून लघुउद्योगांची आणि घरांची बदलत्या दराची नवी कर्जं अशा बाहेरच्या दराला बांधावी लागतात, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलावा लागतो. म्हणजे अर्ध्या टक्क्याने वर्षाला २५ हजार वाचले. पण त्यांच्या वडिलांनी आदल्या दिवाळीत दोन वर्षांसाठी टाकलेल्या एफडीवर बँक ठरलेलं जुनंच व्याज देत राहणार. मिलचे वाचलेले २५ हजार बँकेच्याच खिशातून गेले.

दर घटला की बँक कमावते, ही पहिली चूक. १०० रुपयांच्या कर्जांपैकी ६० रेपोशी बांधलेली असतील, तर वर्षाच्या हिशोबाने ३० पैसे उत्पन्न घटतं. ठेवींमध्ये ६५ रुपये एफडीचे धरा. सहा महिन्यांत त्यातल्या चौथाईची मुदत संपली तर वाचतात जेमतेम ८ पैसे. उरलेले २२ पैसे मार्जिनमधून जातात. मार्जिन ३ रुपये असेल तर हे सात टक्क्यांच्या आसपास झालं. बाकीच्या एफडी जुन्या होऊन नव्या दराने लागत गेल्या की हा खड्डा हळूहळू भरतो, पण ठेवींचे दरही तेवढेच उतरले तरच. ठेवींसाठी बँकांची ओढाताण असेल तर ते उतरत नाहीत.

म्हणून शेअर घेण्याआधी बँकेच्या निकालासोबतच्या सादरीकरणात एकच तक्ता शोधा: रेपोवरची कर्जं किती, एमसीएलआरवरची, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दराची किती, ठरावीक दराची किती. ज्या वित्त कंपन्या वाहन किंवा सोनेतारण कर्ज ठरावीक दराने देतात आणि स्वतः बँकांकडून बदलत्या दराने पैसा उचलतात, त्यांच्याकडे हेच गणित उलटं चालतं. त्यांचा खर्च आधी घटतो. मी नेमकं हेच बघितलं नव्हतं.

दुसरी चूक मूल्यांकनाची. लोक भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत काढताना रेपो धरतात. शेअर म्हणजे वर्षानुवर्षांचा नफा, त्याला रात्रभराच्या उधारीचा दर लावून कसं चालेल? तिथे पाहायचा तो सरकारच्या १० वर्षांच्या रोख्याचा परतावा. त्याच जूनमध्ये पतधोरण समितीने भूमिका 'उदार'वरून 'तटस्थ' केली, आता फार कपात उरली नाही असा बाजाराने अर्थ लावला, आणि रेपो घटूनही पुढच्या काही आठवड्यांत हा परतावा वरच सरकला, म्हणजे त्या हिशोबाने भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत उलट कमी झाली. कपातीच्या दिवशी नुसता मथळा वाचणाऱ्याला हे कळत नाही.

तिसरी चूक, दर घटला की कर्जाचा बोजा असलेल्या कंपनीचा नफा वाढणारच असं धरण्याची. इथे मात्र खरा फायदा दडलेला असू शकतो. जालन्याच्या सळईच्या गिरणीसारखी एक कंपनी मनात धरा. कर्ज १,००० कोटी, व्याज साडेनऊ टक्के म्हणजे ९५ कोटी, व्याजाआधीचा नफा १२० कोटी. हाती उरतात २५. सगळं कर्ज बदलत्या दराचं असेल तर अर्ध्या टक्क्याने ५ कोटी वाचतात आणि नफा २० टक्क्यांनी वाढतो. ४०० कोटीच बदलत्या दराचे असतील तर वाढ ८ टक्क्यांवर येते. एमसीएलआरवरचं कर्ज असेल तर दर बदलायला वर्षही लागू शकतं.

पण दर बहुधा मागणी मंदावते तेव्हाच घटतात. सळईचे भाव उतरून व्याजाआधीचा नफा १० टक्क्यांनी घसरला तर १०८ कोटी येतात. व्याजाचे पूर्ण ५ कोटी वाचवूनही उरतात १८, म्हणजे आधीपेक्षा कमी. नफा व्याजाच्या सव्वापटच असेल तर अशा कंपनीत दरकपातीपेक्षा सळईचा भाव जास्त बोलतो.

हे तपासायला वार्षिक अहवालात 'व्याजदर जोखीम' ही टीप उघडा. बदलत्या दराचं कर्ज किती आणि दर अर्धा किंवा एक टक्का हलला तर नफ्यात किती फरक पडेल, याचा आकडा बहुतेक मोठ्या कंपन्या तिथे स्वतःच देतात. तो आकडा करपूर्व नफ्याशेजारी ठेवला की दोन मिनिटांत अंदाज येतो. मी आता कपातीच्या दिवशी आधी तेवढंच करतो, आणि आडतीवरचा सल्ला चहापुरता ठेवतो.