परदेशातील सहकाऱ्यांना बैठकीची वेळ कशी कळवावी?

पुण्यातून डब्लिन आणि न्यूयॉर्क येथील सहकाऱ्यांबरोबर बैठका ठरवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. ‘वेळ आयएसटीमध्ये लिहा, म्हणजे झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. आयर्लंडमधील उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात. एका जुलैमध्ये मी ‘सायंकाळी ६:३० आयएसटी’ असे कळवले. आम्ही साडेसहापासून कॉलवर ताटकळत बसलो, आणि डब्लिनची सहकारी तिच्या साडेसहाला, म्हणजे पुण्यात रात्रीचे अकरा वाजले असताना, कॉलवर आली. तिची काहीच चूक नव्हती. म्हणून आद्याक्षरे टाळावीत आणि प्रत्येक वेळेपुढे शहराचे नाव लिहावे.

खरी अडचण मात्र तासांचा फरक काढताना येते. भारतातील घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिका आणि युरोप येथील घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात आणि तीही एकाच दिवशी नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येते. त्यामुळे मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूतील एक आठवडा असा असतो, की नेहमीचे पाठ झालेले फरक जुळत नाहीत.

२०२६ मधील १८ मार्चचा बुधवार घ्या. अमेरिकेने ८ तारखेला घड्याळ पुढे केलेले आहे, आयर्लंड २९ तारखेला करणार आहे. त्या दिवशी पुण्यात सायंकाळी सात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ आणि डब्लिनमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो. हीच पुण्याची सायंकाळी सातची वेळ ४ मार्चला न्यूयॉर्कच्या साडेआठवर येते, आणि १ एप्रिलला डब्लिनच्या अडीचवर. मोबाइलमधील जागतिक घड्याळ आत्ता या क्षणी किती वाजले एवढेच दाखवते, म्हणून फेब्रुवारीत बसून मार्चअखेरची वेळ त्यावरून काढली की ती हमखास एका तासाने चुकते. कॅलेंडरमध्ये बैठकीच्याच तारखेला नोंद करून, तिथे दुसऱ्या शहराचा टाइम झोन निवडून वेळ पाहावी. बोटांवर मोजू नये. मी मोजली आहे आणि चुकलो आहे.

त्याच वेळी सुट्ट्याही पाहाव्यात. या आठवड्यात १७ मार्चला सेंट पॅट्रिक डेची डब्लिनमध्ये सुट्टी आहे आणि १९ तारखेला आपला गुढीपाडवा, म्हणून मी १८ आणि २० असे दोनच पर्याय देईन. तिसरा पर्याय दिला की उत्तरे लांबतात. मेल इंग्रजीतून जाईल, पण मांडणी अशी असावी:

पर्याय १: बुधवार, १८ मार्च २०२६. पुणे सायं. ७:०० ते ७:४५, डब्लिन दुपारी १:३० ते २:१५, न्यूयॉर्क सकाळी ९:३० ते १०:१५.

पर्याय २: शुक्रवार, २० मार्च २०२६. पुणे सायं. ७:३० ते ८:१५, डब्लिन दुपारी २:०० ते २:४५, न्यूयॉर्क सकाळी १०:०० ते १०:४५.

उत्तर सोमवार, १६ मार्च, पुणे सायं. ५ वाजेपर्यंत द्यावे.

महिना अक्षरांत लिहावा, कारण ०३/०४ हे आपल्याला ३ एप्रिल आणि अमेरिकेला ४ मार्च वाटते. नुसते ‘४५ मिनिटे’ न लिहिता संपण्याची वेळही द्यावी; पुढचा कॉल लागलेल्या माणसाला तीच हवी असते.

विषयपत्रिका त्याच मेलमध्ये, तीन ओळींत द्यावी. ‘चाचणीविषयी चर्चा’ असे न लिहिता ‘चाचणी एक आठवडा पुढे ढकलायची का?’ असे लिहावे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे मिनिटे व आवश्यक व्यक्ती नोंदवावी. पुण्याच्या माणसांचे मुद्दे आधी घ्यावेत, कारण दिवस त्यांचा मावळलेला असतो.

बैठक दर आठवड्याची असेल, तर ती कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे हे आमंत्रणातच लिहावे. कॅलेंडर नोंदीच्या टाइम झोनप्रमाणे चालते: पुण्याची सातची वेळ कायम ठेवली, तर न्यूयॉर्ककरांची बैठक हिवाळ्यात साडेआठला येईल, न्यूयॉर्कची साडेनऊची कायम ठेवली, तर आपल्याला हिवाळ्यात आठला बसावे लागेल. मी न्यूयॉर्कची कायम ठेवतो, कारण सकाळी साडेआठला तिथली माणसे प्रवासात असतात आणि आपल्याला तासभर उशीर झेपतो. मग ८ मार्चच्या आधीच्या सोमवारी सर्वांना नव्या वेळा पुन्हा शहरांच्या नावांसह पाठवाव्यात, आणि डब्लिनसाठी २९ मार्चच्या आधीच्या सोमवारी आणखी एकदा.