पेटीतल्या हवेचा अभ्यास: जाळीपाशी चुकू नका, मग रंग वाचा

हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन शिकवणाऱ्या बहुतेक लेखांत सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगितलेलं असतं: मेश, म्हणजे हिशोबासाठी हवेच्या जागेची पाडलेली छोटी छोटी घरं, बारीक करा. मी कित्येक पेट्यांचे असे अभ्यास केले आहेत. जी उत्तरं चुकली त्यातली बहुतेक मेशमुळे नाही, हवा आत येते त्या तोंडाशी चुकली होती. म्हणून इथे त्या एका तोंडावर जास्त वेळ घालवणार आहे आणि बाकीचं थोडक्यात उरकणार आहे.

उदाहरण म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची एक साधी पेटी घेऊ. ४०० मिमी लांब, ३०० रुंद, २०० उंच. डाव्या बाजूला खाली १२० × ८० मिमीची भोकाभोकांची जाळी, तिचा निम्मा भाग उघडा. उजव्या बाजूला हवा बाहेर ओढणारा १२० मिमीचा पंखा. मध्ये ट्रान्सफॉर्मरसारखा एक ठोकळा. आत एकूण १५० वॅट उष्णता तयार होते आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त गरम नको.

१. आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन आकडे काढा. किती हवा लागेल ते उष्णतेवरून निघतं. P म्हणजे उष्णता, rho हवेची घनता, cp तिची विशिष्ट उष्णता आणि dT तापमानातली वाढ:

```
Q = P / (rho * cp * dT)
  = 150 / (1.2 * 1005 * 10)
  = 0.0124 m3/s
```

म्हणजे तासाला सुमारे ४५ घनमीटर. ही हवा ०.००९६ चौरस मीटरच्या तोंडातून येणार, म्हणून तोंडावरचा सरासरी वेग १.३ मीटर प्रति सेकंद. या वेगाचा गतिजन्य दाब, म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, जवळपास बरोबर १ पास्कल येतो. हा १ पास्कल कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे दाबाचं चित्र वाचताना तोच आपली मोजपट्टी होणार आहे.

२. आकार आणि मेश

स्क्रू, वायरी, लेबलं काढून टाका; हवेला अडवणारे मोठे ठोकळे ठेवा. तोंडाच्या अरुंद बाजूवर निदान दहा घरं येऊ द्या, आणि ठोकळा व भिंत यांमधल्या फटीतही साधारण तेवढीच. पुरे.

३. हवा आत येते ते तोंड

इथे मी स्वतः फसलो होतो, आणि साधासुधा नाही.

पहिली गोष्ट: मॉडेलची सीमा जाळीच्या तोंडावरच संपवू नका. तसं केलं तर त्या पृष्ठभागावर दाब शून्य लिहावासा वाटतो, आणि तो तिथे शून्य नसतो. तोंडाशी पोचेपर्यंत हवेने वेग घेतलेला असतो आणि त्या वेगाची किंमत दाबातून वळती झालेली असते. तिथे स्थिर दाब शून्य दिलात तर १ पास्कल फुकट मिळाल्यासारखं होतं. शिवाय बाहेरची हवा चारही बाजूंनी तोंडाकडे वळून येते, ते वळणही हरवतं. म्हणून जाळीच्या बाहेर मोकळ्या हवेचा एक ठोकळा जोडा, प्रत्येक दिशेला तोंडाच्या रुंदीच्या निदान तिप्पट. त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागांवर हवा इतकी संथ असते की तिथे दाब शून्य म्हणणं खरोखर बरोबर ठरतं. ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये त्या पृष्ठभागांवर दाबासाठी `totalPressure` आणि वेगासाठी `pressureInletOutletVelocity` वापरा.

दुसरी गोष्ट म्हणजे जाळी. तिची शेकडो भोकं मेशमध्ये काढू नका. जाळीच्या जागी एक पातळ पडदा ठेवायचा आणि त्यातून जाताना दाब किती उतरतो ते सांगायचं. हा उतार एका गुणांकाने, K ने, देतात: K गुणिले गतिजन्य दाब. निम्मी उघडी, पातळ पत्र्याची, धारदार कडांची जाळी मोकळ्या हवेतून हवा घेत असेल तर K साधारण ६ धरता येतो. जाळीच्या माहितीपत्रकात मोजलेला आकडा असेल तर तोच घ्या, कारण भोकाची कड गोल असली की K बराच घसरतो.

आता प्रश्न असा की हा K कोणत्या वेगाच्या हिशोबाने दिलेला आहे? पूर्ण तोंडावरचा वेग १.३, पण हवा प्रत्यक्ष भोकातून जाते तेव्हा २.६. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणजे K तोच ठेवून नुसता वेग बदलला तर उत्तर चौपट चुकतं, आणि सॉफ्टवेअर एका शब्दानेही टोकत नाही.

माझी चूक याच्याच जवळची होती. जाळी निम्मी उघडी म्हणून मी मॉडेलमधलं तोंडच निम्मं करून टाकलं आणि वर K = ६ लावला, जो पूर्ण तोंडाच्या वेगासाठी होता. एकच अडथळा दोनदा मोजला गेला. पेटीतला दाब उणे २८ पास्कल आला. मेश तीनदा बारीक केली, तरी उणे २८. आकडा हलत नाही म्हणजे तो बरोबर, असं मी धरून चाललो आणि हा पंखा पुरणार नाही, मोठा लावा, असं लिहून दिलं. पुढे खऱ्या पेटीला मॅनोमीटरची नळी लावली. काटा उणे ८ च्या जवळ थांबला. मेश बारीक करून उत्तर न हलणं याचा अर्थ एवढाच की चुकीचा प्रश्न नीट सोडवला गेला.

तेव्हापासून नियम एक: तोंड पूर्ण मापाचं काढा, आणि K पूर्ण तोंडाच्या वेगाचा द्या. ओपनफोममध्ये या पडद्यावर दाबाची नोंद अशी होते:

```
type       porousBafflePressure;
patchType  cyclic;
D          0;
I          6;
length     1;
jump       uniform 0;
value      uniform 0;
```

यात `I` आणि `length` यांचा गुणाकारच हिशोबात येतो, म्हणून लांबी १ ठेवून `I` मध्ये थेट K लिहिता येतो.

आता कागदावर परत या. बाहेर शून्य. जाळीत ६ पास्कल गेले, १ पास्कल वेगात गेला. म्हणजे पेटीच्या आतला दाब उणे ७ च्या आसपास यायला हवा. सिम्युलेशन उणे ६ किंवा उणे ८ म्हणालं तर पुढे चला. उणे ३ किंवा उणे २८ म्हणालं तर चित्रं पाहू नका, तोंडाकडे परत जा.

४. पंखा

पंख्याच्या पृष्ठभागावर `flowRateOutletVelocity` ने ०.०१२४ चा ठरावीक प्रवाह बाहेर ओढा. मात्र ठरावीक प्रवाह दिला की जाळी धुळीने बुजली तरी मॉडेलमधली हवा कमी होत नाही, फक्त आतला दाब आणखी उणे होत जातो. खरा पंखा असा वागत नाही. म्हणून शेवटी पंख्याचा दाब-प्रवाह आलेख समोर घ्या आणि ७ पास्कलच्या विरोधात तो तासाला ४५ घनमीटर देतो का, ते पाहा. देत नसेल तर हा सगळा अभ्यास अशा प्रवाहाचा झाला जो प्रत्यक्षात येणारच नाही.

५. चालवा

ओपनफोममधला `simpleFoam` हा सॉल्व्हर आणि खळबळत्या प्रवाहासाठी k-omega SST हे मॉडेल घ्या. रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत अजून उरलेली तफावत, खाली आले म्हणून थांबू नका. पेटीतल्या एका बिंदूचा दाब आणि पंख्याजवळच्या एका बिंदूचा वेग नोंदवत राहा आणि ते स्थिरावले की थांबा. झोत ठोकळ्यावर आपटत असेल तर ते कधीकधी पूर्ण स्थिरावत नाहीत, हलकेच डोलत राहतात. तेव्हा शेवटच्या काहीशे फेऱ्यांची सरासरी घ्या.

६. दाबाचं चित्र

आधी एकक पाहा. `simpleFoam` मधला `p` हा दाब भागिले घनता असतो. चित्रात उणे ५.९ दिसलं तर ते पास्कल नव्हेत, १.२ ने गुणा, तेव्हा उणे ७ मिळतील. उणे चिन्हाला घाबरायचं कारण नाही, ते फक्त बाहेरच्या हवेच्या तुलनेत आहे.

मग रंगपट्टी. निकालांची चित्रं दाखवणारा पॅराव्ह्यू हा प्रोग्राम पट्टीची टोकं आपोआप सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यावर लावतो. पंख्याच्या धारदार कडेवरच्या एखाद्या घरात उणे १५ आला की पट्टी तिथपर्यंत ताणली जाते आणि उरलेली पेटी एकाच रंगाची होते. तो आकडा मेशबरोबर बदलत राहतो, त्यावर काहीही ठरवू नका. पट्टी हाताने दोनदा लावा. एकदा शून्य ते उणे ८: यात जवळजवळ सगळा बदल जाळीवर दिसला पाहिजे आणि आतला भाग एकसारखा. दुसऱ्यांदा उणे ८ ते उणे ५: आता झोत ठोकळ्यावर आपटतो तिथे एक ठिपका उठेल, आजूबाजूपेक्षा साधारण १ पास्कल वर. कोपऱ्यात लिहिलेला १ पास्कल तो हाच. धावती हवा थांबली आणि तिच्या वेगाचा दाब झाला. ठिपका लाल दिसला म्हणून तिथे काही धोका आहे असं नाही. तो १ ऐवजी ४ पास्कलचा असेल तर मात्र झोताचा वेग दुप्पट आहे, म्हणजे तोंड पुन्हा निम्मं काढलं गेलं आहे.

७. वेगाचं चित्र

इथेही पट्टी दोनदा लावा. शून्य ते १.५ मध्ये झोत दिसतो: जाळीतून निघून कुठे आपटतो, कुठे वळतो. शून्य ते ०.२ मध्ये बाकीची पेटी दिसते. ०.२ हा आकडा सगळी हवा पेटीच्या ३०० × २०० च्या छेदातून सारखी पसरून गेली असती तर आला असता तो वेग. जाळीला लागूनचे काही मिलिमीटर वाचू नका. पडद्याने तिथे वेग सपाट केलेला आहे, प्रत्यक्षात प्रत्येक भोकातून वेगळा छोटा झोत निघतो.

छेदावरचे बाण फसवतात, कारण ते छेदाच्या पातळीतलाच वेग दाखवतात. हवा तुमच्याकडे सरळ येत असेल तर बाण ठिपक्याएवढा दिसेल. म्हणून रंग वेगाच्या एकूण मापाने द्या आणि एकमेकांना काटकोनात असे निदान दोन छेद घ्या.

स्ट्रीमलाइन, म्हणजे हवेची वाट दाखवणाऱ्या रेषा, जाळीतून सोडण्याची पद्धत मला पटत नाही. त्या सगळ्या झोताबरोबर पंख्याकडे निघून जातात आणि चित्र सुरेख दिसतं. ज्या भागाची काळजी आहे, समजा ठोकळ्यामागचा कोपरा, तिथे बिंदू ठेवा आणि रेषा उलट दिशेने सोडा. रेषा थेट जाळीपर्यंत पोचली तर त्या भागाला ताजी हवा मिळते आहे. तिथल्या तिथे गोल फिरत राहिली तर तो भाग आपलीच गरम हवा पुन्हा घेतो आहे, मग एकूण प्रवाह कितीही बरोबर असो.

आणि त्या कोपऱ्यात वेग ०.१ च्या खाली असेल तर तो आकडा पाठ करू नका. आतला भाग हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर १०० मिमी उंचीवर गरम हवेची वर चढण्याची ओढ एवढ्या संथ प्रवाहापेक्षा कित्येक पट जोरदार असते, आणि या अभ्यासात तापमान घेतलेलंच नाही. त्या कोपऱ्यासाठी उष्णता आणि गुरुत्वाकर्षण धरून `buoyantSimpleFoam` वेगळा चालवा. तोंड आणि जाळीची मांडणी हीच ठेवा, फक्त तिथे दाब खऱ्या पास्कलमध्ये असतो हे लक्षात असू द्या.