जुन्या ग्राफिक्स कार्डावर माइनक्राफ्टचा शेडर: आधी सावल्या आवरा

खानापूरच्या भाच्याच्या संगणकात २ जीबी स्मृतीचे जीटीएक्स ७५० टीआय हे २०१४ सालचे कार्ड आहे. त्यावर आयरिस इन्स्टॉलरने आयरिस हे शेडर चालवणारे मॉड, खेळ वेगवान करणाऱ्या सोडियम मॉडसह बसवले, पण शेडर, म्हणजे खेळातला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारा संच, यादीत दिसेना. कारण भाच्याने शेडरची झिप उघडून फोल्डरात फोल्डर करून ठेवला होता. झिप न उघडता, आहे तशीच `.minecraft/shaderpacks` मध्ये ठेवावी आणि `Video Settings` मधील `Shader Packs` येथून निवडावी.

मग खेळ अडखळू लागला. बहुतेक शेडर सूर्याच्या बाजूने जग पुन्हा एकदा रेखाटून सावल्यांचा नकाशा बनवतात, आणि जुन्या कार्डाची दमछाक बहुधा तिथेच होते. नकाशा २०४८ वरून १०२४ वर आणला की त्यातील सुमारे ४२ लाख ठिपक्यांचे साडेदहा लाख होतात, मात्र सावल्यांच्या कडा दातेरी दिसू लागतात. म्हणून सावलीचे अंतरही त्याच वेळी १९२ वरून ९६ ठोकळ्यांवर आणावे: ठिपके निम्म्या अंतरात दाटतात, कडा जवळपास पूर्वीसारख्याच राहतात आणि दूरचे ठोकळे दुसऱ्यांदा रेखाटण्याचे कामही वाचते. फक्त लांबच्या डोंगरांच्या सावल्या जातात, आणि त्या गेल्याचे भाच्याच्या ध्यानातही आले नाही.

प्रत्येक बदलानंतर एकाच जागी उभे राहून `F3` दाबून `fps` पाहावे. आयरिसमध्ये `K` दाबून शेडर बंद केल्यावरही आकडा वाढत नसेल, तर दोष शेडरचा नाही. तेव्हा `Render Distance` ८ पर्यंत उतरवावे.